कुलूपताईंचा निळा

कुलूपताई हे काही त्यांचं नाव नव्हे. ते आम्ही गल्लीतल्या दुकानदारांनी त्यांच्या माघारी ठेवलेलं नाव, आणि ते त्यांच्या कानावर गेलं होतं याची मला खात्री आहे. गल्लीत कुठे काय बोललं जातं हे त्यांना सगळ्यांत आधी कळायचं. फक्त कळलेल्यातलं निम्मं खरं असायचं आणि निम्मं त्यांच्या डोक्यात शिजलेलं. फोटोकॉपीवाला सकाळी हसून 'बरं आहे ना ताई' म्हणाला, तर तो का हसला याचा त्या दुपारपर्यंत विचार करत.

त्यांचा सूत आणि कापड रंगवण्याचा कारखाना. कारखाना म्हणजे तीन खोल्या. पहिल्या खोलीत कोरडं सूत, दुसरीत चार मोठ्या कढया आणि आडव्या बांबूंवर टपटपणाऱ्या लडी, आणि तिसरीत रंगांचे डबे, तराजू, लोखंडी टेबलावर कॉम्प्युटर. त्या तिसऱ्या खोलीला तीन कुलपं. डब्यांवरच्या चिठ्ठ्यासुद्धा खोट्या. 'लाल' लिहिलेल्या डब्यात पिवळा, 'पिवळा' लिहिलेल्यात काळा. कोणी चोरून माप घेतलंच तर त्याचं कापड वाटोळं व्हावं, ही योजना. एकदा त्या स्वतःच फसल्या आणि एका शाळेचे गणवेश विटकरी निघाले. पण तेही कोणीतरी डबे हलवले म्हणूनच, असं त्यांचं आजही म्हणणं आहे.

हा स्वभाव आभाळातून पडला नव्हता. त्यांचे वडीलही रंगारी. त्यांच्या भागीदाराने एका दुपारी मापांची वही उचलली आणि पुढच्या महिन्यात समोरच्या रस्त्यावर स्वतःची कढई मांडली. कुलूपताई तेव्हा चौदा वर्षांच्या होत्या. वडील त्यानंतर ज्याच्या त्याच्याकडे डोळे बारीक करून बघायला लागले आणि तेच डोळे या थोरल्या लेकीने घेतले. धाकटीने मात्र घेतले नाहीत. धाकटी कुलपं उघडी टाकून फिरणारी, हसरी, कामाला वाघ. दोघी बहिणींनी मिळून कारखाना वीस-बावीस वर्षं चालवला. आणि तीन वर्षांपूर्वी थोरलीने धाकटीला सगळ्या गल्लीदेखत 'चोर' म्हणून बाहेर काढलं.

मी ते भांडण पाहिलंय. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान त्यांच्या समोरच, जिन्याखाली. कारण होतं एक निळा रंग. कुलूपताईंचा तो निळा नावाजलेला होता. नाट्यगृहाच्या पडद्यांसाठी पाच वर्षांपूर्वी केलेला; दिव्यांच्या उजेडात निळे पडदे काळे दिसतात, हा दिसत नसे. त्या सांगायच्या, 'हा माझ्या हाताला सापडलेला रंग आहे, बाबांनासुद्धा जमला नव्हता.' पुढे धाकटीने स्वतःचं लहानसं काम वेगळं करायचं ठरवलं, तिच्याकडची एक शाल कुलूपताईंनी कोणाच्या तरी अंगावर बघितली आणि त्या शालीचा निळा हुबेहूब तोच. झालं. 'कुंपणानेच शेत खाल्लं!' हे वाक्य मी माझ्या दुकानात बसून ऐकलंय, इतक्या जोरात. धाकटीने उलट एक शब्द काढला नाही. पिशवी उचलली आणि गेली. ती गप्प राहिली याचा अर्थ गल्लीने लावायचा तोच लावला, आणि खरं सांगायचं तर मीही लावला.

आता मुद्द्याचं. त्या दिवशी विंडोजचं अपडेट आलं आणि अर्ध्यात अडकलं. बदल मागे घेतो म्हणालं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा अडकलं, असं गोल गोल. कुलूपताई सीपीयू लेकरासारखा छातीशी धरून माझ्याकडे आल्या.

"दुरुस्त कर. पण माझ्यासमोर."

"ताई, विंडोज पुन्हा टाकावी लागेल. आधी तुमच्या फाइली बाहेर काढून ठेवते एका ड्राइव्हवर."

"काही काढायचं नाही. कॉपी तर अजिबात नाही. तुझ्या ड्राइव्हवर माझी मापं? आणि मग तो ड्राइव्ह कुठे कुठे फिरणार?"

"मग गेल्या तर मला बोलायचं नाही."

"गेल्या तर मी कोणाकडे बघणार ते तुला माहीत आहे."

माझ्या नाकावर तशीही माशी बसत नाही. मी मशीन परत त्यांच्या हातात द्यायला निघाले होते. पण दुरुस्तीवाल्याला मशीनची दया येते, गिऱ्हाइकाची येवो न येवो. त्या स्टुलावर बसल्या, पदर आवळून, डोळ्यात तेल घालून माझ्या बोटांकडे बघत. मी विंडोज त्याच जागेवर नव्याने टाकली; फॉरमॅट, म्हणजे जुनं सगळं पुसणं, मात्र मुद्दाम केलं नाही. न पुसता टाकायला गेलं की मशीनच सांगतं, इथे आधीची विंडोज दिसतेय, तिच्या फाइली 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये हलवल्या जातील. जुनं घर उचलून मागच्या अंगणात ठेवावं तसं. सामान सगळं तिथेच, फक्त पत्ता बदललेला.

मी त्यांना ते समजावून सांगितलं. "फाइली त्यात आहेत. मी आत्ता काढून देते जागेवर. हा फोल्डर कायमचा राहत नाही, साधारण दहा दिवसांनी विंडोज तो आपोआप पुसून टाकते."

"मी माझं बघेन," त्या म्हणाल्या आणि मशीन घेऊन गेल्या.

त्यांनी काय बघितलं देव जाणे. नवव्या दिवशी सकाळी मी शटर वर करतेय तोच त्या उभ्या. सीपीयू पुन्हा छातीशी. चेहरा उतरलेला आणि आवाज चढलेला, दोन्ही एकदम.

"हे काय घुसवलंस माझ्या मशीनमध्ये?"

"काय?"

"एक फोल्डर. मी केलेला नाही. केवढा तरी मोठा! काल डिलीट करायला गेले तर परवानगी मागतो! माझ्याच मशीनमध्ये मलाच परवानगी! तेव्हाच ओळखलं, तुझी काहीतरी माणसं आहेत आत बसवलेली. लगेच 'नको' दाबलं आणि वायर उपटली."

"ताई, तो विंडोज डॉट ओल्ड. तुमचं सगळं त्यातच आहे. 'हो' दाबलं असतंत तर आज रडत बसला असतात."

त्या म्हणाल्या, "बरं झालं ना मग, माझा विश्वास नव्हता ते."

आणि तेव्हा पहिल्यांदा त्यांनी खरी अडचण सांगितली. नाट्यगृहाचे दोन पडदे फाटले होते. नवे दोन त्याच निळ्यात हवे होते, जुन्या आठांच्या शेजारी टांगायला. शुक्रवारी द्यायचे होते आणि आज मंगळवार. सत्तर रंगांची मापं, पाव पाव ग्रॅमचा हिशेब, ती काही त्यांच्या डोक्यात नव्हती. कागदावरची जुनी वही तर त्यांनी धाकटी गेली त्याच रात्री बंबात घातली होती, पुन्हा कोणाच्या हाती लागू नये म्हणून. निळ्याचं माप जगात एकाच ठिकाणी होतं, या सीपीयूच्या डब्यात. आणि तो निळा चुकला तर गल्लीत काय बोलतील हे त्यांना बोलून दाखवायची गरज नव्हती. त्यांचा मान म्हणजे तो निळा होता.

मी मशीन जोडलं. आधी माझा रिकामा ड्राइव्ह लावला.

"परत ड्राइव्ह!"

"ताई, उद्या हा फोल्डर पुसला जाऊ शकतो. आधी सगळं बाहेर काढायचं, मग वाद घालू. ड्राइव्ह तुम्ही घेऊन जा घरी. विकतच घ्या हवं तर."

हे त्यांना पटलं. सी ड्राइव्ह, त्यात विंडोज डॉट ओल्ड, त्यात यूजर्स. यूजर्समध्ये दोन नावं. एक थोरलीचं, एक धाकटीचं. कुलूपताईंनीच पूर्वी दोघींची खाती वेगळी करून दोघींना वेगवेगळे पासवर्ड घालायला लावले होते. धाकटी गेल्यावर तिच्या खात्यात कोणी शिरलं नव्हतं, शिरता येत नव्हतं. मी थोरलीच्या नावावर गेले. मशीन म्हणालं, या फोल्डरची परवानगी तुमच्याकडे नाही, हवी असल्यास पुढे चला. खातं नवीन, फोल्डर जुन्या खात्याचा, म्हणून ते असं विचारतं. मी 'पुढे' दाबलं. हिरवी पट्टी सरकली आणि आत शिरले.

"इतकं सोपं?" कुलूपताई म्हणाल्या. "म्हणजे कोणीही शिरू शकतं?"

"मशीन हातात असेल आणि मालकाचा अधिकार असेल तर, हो."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी आजवर गल्लीतल्या यच्चयावत कपाटांत हात घातलाय.

डेस्कटॉपवरचं, डॉक्युमेंट्समधलं सगळं कॉपी केलं. बिलं, गिऱ्हाइकांचे पत्ते, देवळांचे फोटो. त्यांनी एक फाइल निवडली आणि तिची माहिती उघडली. स्टूल मागे सरकलं.

"बघ! 'तयार केल्याची तारीख' आजची! ही तू आज बनवलीस!"

"कॉपी आज झाली म्हणून तयार केल्याची तारीख आजची दिसते. त्याच्याखाली बघा, 'बदल केल्याची तारीख'. ती जुनीच राहते. फाइल शेवटची कधी लिहिली ते तिथे कळतं. आणि मूळ फोल्डरमध्ये अजून दोन्ही तारखा जुन्याच आहेत, या बघा."

त्यांनी दोन्ही बघितल्या. मग आणखी सहा फाइलींच्या बघितल्या. माणूस शंकेखोर असला की शिकतो मात्र पटकन.

"सगळं आलं?" मी विचारलं.

"नाही."

"काय राहिलं?"

त्यांनी पदर आणखी आवळला.

"ताई, कुठे ठेवलं होतं ते सांगितल्याशिवाय मी काय हवेत हात मारू?"

"तू भिंतीकडे तोंड कर. मीच जाते."

"परवानग्या विचारेल, चुकीचं बटण दाबाल. सांगा."

दहा मिनिटं गेली. बाहेर फोटोकॉपीवाल्याचं मशीन खडखडत होतं. शेवटी त्या माझ्या कानाशी आल्या आणि अशा आवाजात बोलल्या की भिंतीला कान असते तरी ऐकू गेलं नसतं. विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरात 'हेल्प' नावाचा एक फोल्डर असतो. त्याच्या पोटात त्यांनी आपला एक फोल्डर करून ठेवला होता.

"हेल्पमध्ये का?"

"हेल्प कोण वाचतं?" त्या म्हणाल्या. "सात वर्षं आहे हे मशीन, तू तरी उघडलंस का?"

मी पंधरा वर्षांत उघडलं नव्हतं. मी हसले, त्यांना ते आवडलं नाही. पण एक गोष्ट खरी की ही जागा दुसऱ्या कोणत्याही दुरुस्तीवाल्याला सापडली नसती. सगळे यूजर्समधून माल काढतात आणि उरलेलं पुसून टाकतात. विंडोजच्या फोल्डरात घरातलं काही ठेवायचं नसतं, कारण नवी विंडोज आली की जुनी बाजूला जाते आणि तिच्या पोटातलंही. नशीब की मी फॉरमॅट केलं नव्हतं. विंडोज डॉट ओल्ड, त्यात विंडोज, त्यात हेल्प, आणि त्यात तो फोल्डर. एकोणसत्तर फाइली धडाधड उघडल्या. मरून, शेवाळी, राख, केशरी. सत्तरावी निळ्याची. तिने पासवर्ड मागितला.

कुलूपताईंनी मला खरोखरच भिंतीकडे तोंड करायला लावलं. मी पंचेचाळीस मिनिटं माझ्याच दुकानातल्या कॅलेंडरकडे बघत उभी होते. मागे कीबोर्डच्या कळा वाजत होत्या. आधी भराभर, मग सावकाश, मग एकेक.

"दर महिन्याच्या एक तारखेला बदलते मी," त्या अखेर म्हणाल्या. "कोणाला कळू नये म्हणून लिहून नाही ठेवत." आणि मग, "तू उघड."

"नाही उघडता येत. या पासवर्डला पळवाट नसते."

"दुरुस्तीवाल्यांना सगळं येतं."

"आलं असतं तर मघाशीच तुमचा निळा विकून मोकळी झाले असते. तुमच्या हिशेबाने."

हे मी बोलायला नको होतं. त्या खाली बसल्या. एवढी मोठी बाई, हाताला कोपरापर्यंत जांभळी-निळी छटा, जी आता साबणानेही जात नाही. आणि ती माझ्या स्टुलावर आपल्याच कुलपाबाहेर बसलेली. मला त्यांचा राग होता, तरी वाईट वाटलं.

तेवढ्यात त्यांनी मान वर केली. डोळे पुन्हा बारीक.

"दुसरं नाव होतं ना तिथे. तिचं."

"हो."

"तिनं चोरला ना माझा निळा? मग तिच्यात असणार. चोरीचा माल. काढ."

"ताई, तो तिचा फोल्डर आहे. तिला विचारल्याशिवाय मी उघडत नाही."

"मशीन माझं!"

"मशीन तुमचं, फोल्डर तिचा. मी फोन करते तिला."

"तुझ्याकडे तिचा नंबर कसा?" त्या उभ्याच राहिल्या. "म्हणजे तू मिळालेली आहेस तिला. मला वाटलंच होतं!"

"तिचा प्रिंटर दुरुस्त केलाय मी दोनदा. माझ्याकडे अर्ध्या शहराचे नंबर आहेत. अर्ध्या शहराला मिळालेली आहे मग मी." माझाही आवाज चढला होता. "फोन करू की शुक्रवारी नाट्यगृहाला जाऊन काय ते सांगता?"

त्यांनी हात झटकला. मी स्पीकर लावला. धाकटीने दुसऱ्या रिंगला उचललं. मी थोडक्यात सगळं सांगितलं.

"ताई तिथे आहे?" तिने विचारलं.

"समोरच."

"बरं. उघडा. 'निळा' नावाचा फोल्डर असेल. त्यात अडतिसावी फाइल. तिच्यातले आकडे तेवढे तिला द्या." मग म्हणाली, "पण बाकीचं तिला वाचू देऊ नका. एवढं ऐका माझं."

कुलूपताईंनी विजयी मुद्रेने माझ्याकडे बघितलं. चोराच्या मनात चांदणं, असं ओठांनीच म्हणाल्या, आवाज न काढता. खरं सांगते, त्या क्षणी मलाही तसंच वाटलं. ज्याला लपवायचं काही नसतं तो अशी अट घालत नाही.

"फोन चालू ठेवा," मी म्हटलं आणि धाकटीच्या नावावर गेले. परवानगी, पुढे, हिरवी पट्टी. 'निळा'. आत एकोणचाळीस फाइली, एकेका चाचणीची एकेक, क्रमाने. मी अडतिसाव्या फाइलीवर माऊस नेला, तेवढ्यात कुलूपताईंचा हात माझ्या हातावर पडला आणि माऊस त्यांच्याकडे गेला. मी काढून घ्यायला हवा होता. घेतला नाही. मलाही बघायचं होतं.

पण त्यांनी फाइल लगेच उघडली नाही. आधी तारखा बघितल्या. बदल केल्याची तारीख, मघाशीच शिकलेली. पहिल्या चाचणीची मार्चमधली, पाच वर्षांपूर्वीची. मग एप्रिल, मे, जून. अडतिसावी नऊ ऑक्टोबर.

"मला तर ऑक्टोबरात सापडला," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "दहा तारखेला. दहादा सांगितलंय मी लोकांना."

मग त्यांनी फाइल उघडली. वर आकडे होते: शंभर ग्रॅम सुताला निळा किती, काळा किती, तपकिरी किती, मीठ, सोडा. खाली दोन-चार ओळी. धाकटी बोलल्यासारखीच लिहायची.

'जमला. वाळल्यावरही तोच राहिला, दिव्याखाली धरून बघितला. ताईला सांगायचं नाही. डोळ्याच्या ऑपरेशननंतर दोन ऑर्डरी परत आल्या, तेव्हापासून ती कढईजवळ येतच नाही, म्हणते माझा डोळा गेला, आता तूच बघ. उद्या बाकीची मापं मी घालून ठेवीन आणि तपकिरीचा डबा तिच्या हाताशी उघडा ठेवीन. चिमूट तिनंच टाकायची.'

कुलूपताईंनी एकोणचाळिसावी उघडली. तिच्यात आकडे नव्हतेच.

'टाकली. मला विचारलं, थोडा तपकिरी घालून बघू का गं? म्हटलं, तुझं तू बघ. केवढ्यानं ओरडली, सापडला म्हणून! आज नीट जेवली.'

मी स्क्रीनकडे बघावं की कुलूपताईंकडे, मला कळेना. मला स्वतःचीच लाज वाटली, तीन वर्षांची. त्यांचे डोळे अजून आकड्यांवरच. आणि मग, स्वभावाला औषध नसतं म्हणतात ते खरंच, त्या म्हणाल्या, "यातला एक आकडा खोटा असणार."

"काय?"

"बाबांनी शिकवलंय. वही गेल्यापासून. माप लिहायचं तर एक आकडा चुकीचा लिहायचा, म्हणजे चोरणाऱ्याचं कापड जळेल. मी मीठ खोटं लिहिते. ती कुठला लिहिते, मला माहीत नाही. कधी विचारलंच नाही."

फोनमधून धाकटीचा आवाज आला. "सापडलं का?"

कुलूपताई फोनकडे वाकल्या. तीन वर्षांत त्यांनी त्या आवाजाशी बोलायला तोंड उघडलं नव्हतं.

"तुझ्यात खोटा आकडा कुठला?"

"तू वाचलंस."

"आकडा सांग. मीठ का?"

"कुठलाच नाही, ताई. सगळे खरे आहेत. घरातच होतं ते, खोटं कोणासाठी लिहू?"

कुलूपताईंनी टेबलाची कड धरली. "मी तुला चोर म्हटलं."

"हो."

"सगळ्या गल्लीदेखत."

"हो ना."

"मग तोंड का नाही उघडलंस तू? एक शब्द बोलली असतीस!"

"काय बोलले असते?" धाकटी म्हणाली. "बोलले असते तर तुझा निळा गेला असता."

कुलूपताईंनी माझा फोन उचलला, स्पीकर बंद करायचं बटण त्यांना सापडेना, मग तो तसाच कानाला लावला आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या. त्यामुळे पुढचं मी ऐकलं, फोटोकॉपीवाल्याने ऐकलं आणि समोर उभ्या असलेल्या चार जणांनीही ऐकलं. नेहमी कुजबुजणारी ही बाई त्या दिवशी गल्लीच्या मधोमध उभं राहून मोठ्यांदा म्हणत होती, "तो निळा तुझा आहे. ऐकतेयस ना? तुझा आहे. मी इथे सगळ्यांसमोर सांगतेय."